आधारची परत घेऊन या

प्रौढ माणसाकडून आलेला, चुकांनी भरलेला मेसेज वाचताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एक, आपण अर्थ शोधू लागतो. दोन, लिहिणाऱ्याबद्दल मत बनवू लागतो. अर्थ लागेपर्यंत मत थांबत नाही, आणि बहुतेक वेळा तेच आधी तयार होतं. ज्याला डिस्लेक्सिया आहे त्याचं सगळं लेखी आयुष्य या दुसऱ्या गोष्टीच्या सावलीत जातं. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या पट्ट्यात तर घरकामापासून बँकेपर्यंत प्रत्येक व्यवहार आता फोनवर टाइप करून होतो. पूर्वी जो माणूस तोंडी बोलून आपलं काम चोख करायचा, त्याला आता दिवसातून कितीतरी वेळा लिहून दाखवावं लागतं. म्हणून हा प्रश्न शाळेपुरता राहिलेला नाही. असं लिखाण समजून कसं घ्यायचं, आणि समजून घेतोय हे त्या माणसाला टोचणार नाही असं कसं वागायचं, याबद्दल जे कळलेलं आहे त्याचा हा आढावा.

सुरुवात एका जुन्या नोंदीपासून करावी लागते. १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा हुशार, खेळात तरबेज, पण वाचता-लिहिता येत नव्हतं. स्वतःचं नाव लिहिताना तो अक्षरांची अदलाबदल करून ‘प्रेसी’ लिहायचा, आणि पुन्हा पुन्हा लक्ष वेधल्याशिवाय ती चूक त्याला दिसत नव्हती. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत डॉक्टरांनी नोंदवलं आहे. या नोंदीतली महत्त्वाची गोष्ट अशी, की चूक लिहिणाऱ्याला दिसत नाही. ‘पाठवण्याआधी एकदा वाचून बघायचं ना’ हा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो, कारण वाचून बघणं हीच तर अडचण आहे. त्याने बहुधा वाचूनही पाहिलेलं असतं. कदाचित तीनदा.

पर्सीची अडचण इंग्रजीतली होती. देवनागरीचं काय? या प्रश्नावर दिल्लीच्या परिसरात बरंच काम झालं आहे. गुरुग्रामजवळ मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भाषांसाठी डिस्लेक्सिया ओळखण्याची ‘डाली’ ही चाचणी तयार झाली आणि २०१५ मध्ये ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत उपलब्ध झाली. मराठी मुलाची अडचण इंग्रजीच्या फूटपट्टीने मोजू नये, ही त्यामागची साधी पण फार उशिरा मान्य झालेली गोष्ट. दिल्ली विद्यापीठातल्या अशुम गुप्ता आणि गुलगूना जमाल यांनी २००७ मध्ये हिंदी आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्या मुलांच्या चुका तपासल्या. इंग्रजी वाचताना मुलं एका शब्दाच्या जागी दुसराच खरा शब्द वाचत, तर हिंदी वाचताना कुठलाच अर्थ नसलेला ध्वनिसमूह तोंडून निघे. कारण उघड आहे. देवनागरीत अक्षराचा आवाज बऱ्यापैकी ठरलेला असतो, त्यामुळे मूल आवाज जुळवत जातं आणि मध्येच एखादी मात्रा सांडते.

हा अभ्यास वाचनाचा आहे, लेखनाचा नाही, आणि मुलांचा आहे, मोठ्यांचा नाही. तरी चुकांचा मेसेज वाचणाऱ्याला त्यातून एक उपयोगी गोष्ट मिळते. देवनागरीत चुकलेला शब्द बहुतेकदा आवाजाच्या जवळपास असतो. तो डोळ्यांनी नव्हे, कानांनी वाचायचा.

प्रत्यक्ष मेसेज घेऊन बघू. हा मी नमुन्यासाठी रचला आहे, पण त्यातले चुकांचे प्रकार खरे आहेत. नोएडात राहणारे पन्नाशीचे एक गृहस्थ ओळखीच्या ताईंना कुठल्याशा नोंदणीसाठी बरोबर नेणार आहेत, असं धरू. ते लिहितात:

‘उदया सकळी साडेनउला मेटरोच्या गट करमांक तिनपशी भटू. कगाद मी आणतो. तुमी फ्कत आदारची परत घउन या. उशिर झला तर फोन करा.’

पहिल्या नजरेला सगळंच चुकलेलं वाटतं. पण या चुका एका जातीच्या नाहीत, आणि त्यांचं वजनही सारखं नाही. ‘साडेनउ’, ‘तिन’, ‘उशिर’ या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं वेगळं उच्चारत नाही, त्यामुळे कान इथे लिहिणाऱ्याला मदतच करत नाही. डिस्लेक्सिया नसलेले असंख्य लोकही इथे चुकतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये चौदा होते, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली, आणि शाळेत आपल्या सगळ्यांचे सर्वांत जास्त गुण याच वेलांट्या-उकारांवर गेले. ‘दिन’ आणि ‘दीन’ अशा मोजक्या जोड्या सोडल्या तर या चुकांनी अर्थाला काही होत नाही. पण लिहिणाऱ्याच्या प्रतिष्ठेला सर्वांत मोठा धक्का नेमका इथेच बसतो. समजून घेऊन वाचायचं असेल तर पहिलं काम हे, की या चुका हिशेबातूनच काढून टाकायच्या.

दुसऱ्या जातीच्या चुका जास्त सांगून जातात. ‘उदया’, ‘मेटरो’, ‘करमांक’. तिन्हीत जोडाक्षर सुटं झालं आहे. पण त्याच मेसेजात ‘मेटरोच्या’मधलं ‘च्या’ अगदी बरोबर आहे. म्हणजे गृहस्थांना जोडाक्षरं कळत नाहीत असं नाही. ‘च्या’मध्ये अर्धा च आणि य दोन्ही डोळ्यांना दिसतात, शिवाय हा प्रत्यय दिवसातून शंभरदा समोर येतो. ‘ट्र’, ‘क्र’, ‘द्य’ या जोडाक्षरांत एखाद्या वर्णाचा आकारच बदलतो, र तर एका तिरक्या रेषेत लपतो. जिथे घटक दिसेनासा होतो तिथे जोडणी सुटते. फोनच्या कीबोर्डने त्यात भर घातली आहे. बऱ्याच देवनागरी कीबोर्डांवर जोडाक्षरासाठी मध्ये हलन्ताची कळ दाबावी लागते. ती राहून गेली की ‘क्रमांक’चं ‘करमांक’ होतं, आणि एक अक्षर आधी दाबली गेली की ‘फक्त’चं ‘फ्कत’.

आता ‘आधारची परत घेऊन या’ हे वाक्य बघा. ‘परत’ हा मराठीतला खराखुरा शब्द आहे, म्हणून इथे डोळा अडत नाही, आणि फोनची शब्दतपासणीही त्याखाली लाल रेघ ओढत नाही. ताई सरळ वाचून गेल्या तर त्यांना वाटेल, आधार कार्ड कुठेतरी दिलं होतं का, ते परत आणायचं आहे का? पण याच माणसाने याच मेसेजात ट्रचा टर आणि क्रचा कर केला आहे. मग ‘परत’ म्हणजे ‘प्रत’, हे दयेने केलेलं अनुमान नाही. मेसेजात आधी दिसलेल्या खुणांवरून काढलेला तो निष्कर्ष आहे. चुका नियमाने होतात, आणि एका माणसाच्या चुकांचे प्रकार बऱ्यापैकी टिकून असतात. त्याचे चार-पाच मेसेज लक्ष देऊन वाचले की पुढचे वाचायला फार कष्ट पडत नाहीत. समजून घेणारं वाचन म्हणजे मोठं मन, असं आपण समजतो. माझ्या मते ते आधी कौशल्य आहे, आणि हे कौशल्य शिकता येतं.

‘गट करमांक तीन’मध्ये असाच एक चकवा आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘गट क्रमांक’ म्हटलं की सातबारा आठवतो. गृहस्थांना म्हणायचं आहे गेट. ते कशावरून? दिल्ली मेट्रोच्या स्थानकांच्या दारांना क्रमांक असतात आणि लोक तिथेच भेटायचं ठरवतात, म्हणून. आपल्याकडच्या न्यायशास्त्राने आणि मीमांसेने वाक्याचा अर्थ कसा लागतो याचा विचार फार पूर्वी केला आहे. शब्दांना एकमेकांची गरज असणं, त्यांचा मेळ जगाशी बसणं, ते जवळ असणं, आणि या सगळ्यांवर बोलणाऱ्याचं तात्पर्य. त्यातलं प्रसिद्ध उदाहरण ‘सैंधव आण’ हे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडाही. जेवायला बसलेला माणूस म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. त्या सांगणाऱ्याला कुणी अडाणी म्हणत नाही. ऐकणाऱ्याने प्रसंग ओळखायचा, ही ऐकणाऱ्याची जबाबदारी मानली आहे. ‘मेट्रो’ आणि ‘भेटू’ यांच्या मध्ये आलेला ‘गट’ वाचताना ताईंवरची जबाबदारी नेमकी तीच आहे.

मात्र समजून घेण्याला एक मर्यादा आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर नुकसान लिहिणाऱ्याचंच होतं. मराठीत कोण काय करणार हे बरेचदा क्रियापदाच्या शेवटच्या मात्रेत असतं. आणतो, आणते, आणता, आणा, आणू. वरच्या मेसेजात ‘कागद मी आणतो’मध्ये ‘मी’ आहे म्हणून काळजी नाही. पण मेसेज नुसता ‘कागद आणत’ असा आला असता तर कागद कोणी आणायचे हे कुठल्याही सद्भावनेने कळलं नसतं. संख्या शब्दांत लिहिल्या की तीच भीती. पन्नास आणि पंचावन्न, सदतीस आणि सत्तेचाळीस यांत दोन-तीन अक्षरांचाच काय तो फरक. ‘नका’, ‘नको’, ‘नाही’ हे नकारही एका अक्षरावर उभे असतात. वेळ, रक्कम, जागा, नकार आणि कोण करणार, या पाच ठिकाणी अंदाज करायचा नाही, विचारायचं. इथे गप्प राहून ‘कळलं असेल’ असं धरणारा सभ्य वाटतो, पण गोंधळ झाल्यावर दोष त्या गृहस्थांच्या लिखाणावर जातो.

विचारायचं कसं, इथेच उपकाराचा स्वर शिरतो किंवा टळतो. ताईंचं एक उत्तर असं असू शकतं: ‘काका, मला कळलं हं तुम्हाला काय म्हणायचंय, काळजी करू नका. प्रत म्हणायचंय ना?’ हेतू चांगला आहे, पण उत्तर नोंदणीबद्दल नाही, काकांच्या लिखाणाबद्दल आहे. काकांनी काळजी केली आहे असं त्यात गृहीत धरलं आहे, आणि धीरही देऊन टाकला आहे. दुसरं उत्तर असं: ‘३ नंबरच्या गेटला ९:३० ला येते काका. आधारची झेरॉक्स घेते. ओरिजिनल कार्डही लागेल का?’ यात काय घडलं ते नीट बघण्यासारखं आहे. ताईंनी स्वतःचं वाचन उघड केलं, म्हणजे काही चुकीचं वाचलं असेल तर काका सांगू शकतात. वेळ आणि गेट आकड्यांत लिहिले, जे काकांना शब्दांपेक्षा सोपं पडतं. ‘प्रत’ की ‘परत’ ही उरलेली शंका ओरिजिनल कार्डाच्या प्रश्नात मिटली, आणि हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला असता. लिखाणाचा विषय कुठेही आला नाही.

माझी कसोटी ही: हेच उत्तर शुद्ध लिहिणाऱ्या माणसाला पाठवलं असतं का? पाठवलं असतं तर त्यात उपकार नाही. ‘किती छान लिहिलंत’ हे पन्नाशीच्या माणसाला त्याच्या साध्या निरोपावर कुणी म्हणत नाही, मग इथेही म्हणू नये. चुकलेला शब्द तारांकन लावून दुरुस्त करून पाठवणं, मेसेजचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकणं, काकांना सोडून त्यांच्या मुलाला फोन करून ‘बाबांना काय म्हणायचंय’ विचारणं, हे सगळं या कसोटीवर नापास होतं. आईन्स्टाईनलाही डिस्लेक्सिया होता असं सांगणंही त्यातच येतं. त्याचा भक्कम पुरावा नाही, आणि असता तरी मेट्रोच्या गेटवर भेटण्याशी त्याचा संबंध नाही. ‘तारे जमीन पर’ २००७ मध्ये आला आणि त्याने पालकांचे डोळे उघडले हे खरं. पण त्यातला ईशान आठ-नऊ वर्षांचा आहे. मोठ्या माणसात आपण ईशान शोधू लागलो की सूर आपोआप शिक्षकाचा होतो.

थोडक्यात लिहिण्याबद्दल इथे नेहमी एक आक्षेप येतो. सोपं, छोटं उत्तर देणं हेही त्या माणसाला कमी लेखणं नाही का? मला तसं वाटत नाही. डिस्लेक्सिया असलेल्याला लिहिण्याइतकंच वाचणंही कष्टाचं असतं. बारा ओळींचा सलग परिच्छेद पाठवून आपण त्याच्याकडून अर्ध्या तासाचं काम मागतो. एका मेसेजमध्ये एक प्रश्न, आकडे आकड्यांत, पत्ता वेगळ्या ओळीत, हे कुणालाही सोयीचं आहे. कमी लेखणं होतं ते मजकूर बाळबोध केला की. ‘आपण उद्या भेटू हं, बरं का’ असा.

वाचणाऱ्याच्या मनात काय चालतं यावरही अभ्यास झाले आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांनी २०१६ मध्ये घरात सहनिवासी म्हणून राहू इच्छिणाऱ्यांचे ईमेल लोकांना वाचायला दिले, काही शुद्ध आणि काही चुकांचे. चुकांच्या ईमेलांना कमी पसंती मिळाली, ते अपेक्षितच होतं. पण कोण किती चिडतं हे वाचणाऱ्याच्या स्वभावावरही अवलंबून निघालं. जुळवून घेण्याच्या वृत्तीचे लोक व्याकरणाच्या चुकांना तितके कठोर नव्हते. म्हणजे चुकांबद्दलचा निवाडा वाचणाऱ्याविषयीही सांगतो.

आपल्याकडे त्यात आणखी एक थर आहे. गुरुग्रामच्या एखाद्या कार्यालयात वरिष्ठांचा चुकांचा मेसेज आला की ‘घाईत असतील’ म्हणून सोडला जातो. तोच मेसेज ड्रायव्हरचा असला की ‘शिकलेला नाही’. कित्येकदा त्या मतापाठोपाठ ‘तुम्ही’चं ‘तू’ होतं, हिंदीत ‘आप’चं ‘तुम’. मला वाटतं लेखनावरून माणूस जोखण्याची आपली सवय खरं तर वर्ग जोखण्याची आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. चुकांवरून डिस्लेक्सिया ओळखू नये. दिल्लीत वाढलेला मराठी माणूस ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘काळा’ला ‘काला’ लिहितो, त्यामागे हिंदीची सवय असते, आणि ती दर वेळी सारखीच दिसते. डिस्लेक्सियात चुकांचे प्रकार टिकून असले तरी अनेकदा तोच शब्द एकाच मेसेजात दोन वेगळ्या तऱ्हांनी येतो. पण ही खूण वाचनाला उपयोगी आहे, निदानाला नाही. काकांनी स्वतः सांगितलं नसेल तर विचारायचं कारण नाही. वाचण्याची रीत कारण काहीही असलं तरी तीच राहते.

आणि बऱ्याच मोठ्यांना स्वतःलाही हे नाव ठाऊक नसतं. ‘डाली’ची चाचणी प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी आहे. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यातल्या सात प्रकारांत अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार एकवीस केले, त्यात ती आली. जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी करून मिळणार होतं, आणि अठराव्या वर्षीचं आयुष्यभर चालणार होतं. ही चौकट शाळेत असलेल्यासाठी आखलेली होती. महाराष्ट्राने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या, पण त्याआधी शाळा सोडलेल्या पिढीपर्यंत यातलं काहीच पोहोचलं नाही. आजचे पन्नाशीचे काका त्या पिढीचे आहेत. त्यांनी ‘निष्काळजी’ हा शेरा प्रगतिपुस्तकावर घेतला आणि तो खरा मानला.

फोनने हा प्रश्न सोडवला, असं काहींना वाटतं. अर्धवट खरं आहे. आपोआप दुरुस्त करणारी सोय अर्थहीन शब्दाला जवळच्या खऱ्या शब्दात बदलते. ‘भटू’ असं आलं तर कान ‘भेटू’ ऐकतो. फोनने त्याचं भलतंच काही करून टाकलं की माग पुसला जातो, आणि चूक लिहिणाऱ्याला तर दिसतच नाही. बोलून टाइप करणं अनेकांना खूप सोपं जातं, पण मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या दिल्लीकराचं बोलणं फोन नेहमी नीट पकडतो असं नाही. आवाजी मेसेज हा काहींसाठी सर्वांत मोठा आधार आहे. तरीही तो आपण सुचवू नये, आपण तसा पाठवावा. ताईंनी एक निरोप बोलून पाठवला की काकांनाही तसं पाठवायची मुभा आपोआप मिळते. ‘तुम्हाला लिहायला जड जातं तर बोलून पाठवत जा’ म्हटलं की ती मुभा शेरा होते. आणि काही जणांना लिहायचंच असतं. गर्दीच्या मेट्रोत बोलता येत नाही, ऑफिसात लेखी नोंद राहते, आणि लिहिणं हा त्यांचाही हक्क आहे.

दुरुस्ती कधीच करू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. मेसेज आणि बाहेर जाणारा कागद यांत फरक आहे. ग्राहकाला जाणारं पत्र, सोसायटीची नोटीस, गणेशोत्सवाची पावती, ही सगळी छापण्याआधी कुणाचीही तपासली जातात. ती सगळ्यांची तपासायची, एकट्या काकांची नाही. २०१६ च्या कायद्यात नोकरीच्या जागी वाजवी सोयी देण्याची तरतूद आहे. सरकारी आस्थापनांवर तर ते बंधनच आहे. ज्याला हवी त्याला दुसऱ्या डोळ्यांनी तपासून देण्याची सोय त्यात सहज बसते, आणि तिला खर्चही जवळजवळ नाही.

आणि कुणी आपणहून म्हटलं, ‘पाठवायच्या आधी जरा बघून देशील का?’ तर मग कसर ठेवू नये. प्रत्येक वेलांटी, प्रत्येक हलन्त बघून द्यावा, पण वाक्य त्याचंच ठेवावं. ‘भेटू’च्या जागी ‘भेट घेऊया’ घालू नये. कुठे काय बदललं ते त्याला हवं असेल तर दाखवावं, नको असेल तर नुसता नीट केलेला मजकूर परत करावा. काहींना शिकायचं असतं, काहींना फक्त पत्र पाठवायचं असतं. यातलं कोणतं, ते पहिल्याच वेळी विचारून घेतलं की पुढच्या प्रत्येक वेळी विचारावं लागत नाही.